दिवाणखान्यातली शिकार

घरातच राहणाऱ्या मांजरासाठी आणलेल्या खेळण्याचं आयुष्य बहुधा एका संध्याकाळपुरतं असतं. पेट शॉपमधून आणलेला केसाळ उंदीर पहिल्या दिवशी हवेत उडतो, चावला जातो, सोफ्याखाली ढकलला जातो. दुसऱ्या दिवशी मांजर त्याला हुंगून पुढे जातं आणि आठवड्याभराने तो केरसुणीबरोबर धुळीने माखून बाहेर येतो. घरातली माणसं म्हणतात, "आमच्या माऊला खेळायला आवडतच नाही." पण हीच माऊ रात्री पांघरुणातून बाहेर आलेल्या अंगठ्यावर झडप घालते, पडद्यावर चढते आणि पहाटे पाचला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून इमारत जागी करते. खेळायची हौस नसलेल्या प्राण्याची ही लक्षणं नव्हेत.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात सारा हॉल, जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विसंगतीचा छडा लावायचं ठरवलं. 2002 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. मांजरासमोर उंदराएवढं एक खेळणं ठेवायचं, थोडा वेळ खेळू द्यायचं, काढून घ्यायचं आणि काही मिनिटांनी तेच पुन्हा द्यायचं. तिसऱ्या खेपेपर्यंत बहुतेक मांजरांनी त्या खेळण्याकडे पाठ फिरवली. मग चौथ्या खेपेला त्यांना थोडं वेगळं खेळणं दिलं, आणि कंटाळलेली म्हणून बसलेली मांजरं पुन्हा तुटून पडली. मधलं अंतर पाचेक मिनिटांचंच असेल, तर दुसऱ्या खेळण्याशी ती पहिल्यापेक्षाही जास्त जोरात खेळली. म्हणजे खेळायची ऊर्मी संपलेली नव्हतीच. ती साठून राहिली होती. फक्त त्या एका वस्तूवरचा विश्वास उडाला होता.

विश्वास हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. शिकारीच्या हिशेबाने पाहिलं तर मांजराचं वागणं अगदी शहाणपणाचं आहे. खऱ्या उंदराला चार वेळा चावलं की त्याच्यात बदल होतो. तो ढिला पडतो, कातडी फाटते, रक्ताचा वास येतो. चावूनचावून ज्याच्यात काहीच फरक पडत नाही, ते एकतर खाण्याजोगं नाही किंवा आपल्याला न झेपणारं आहे. त्याच्यावर आणखी ताकद घालवणं हा तोटाच. ब्रॅडशॉ यांचं म्हणणं असं, की मोठं मांजर खेळतं तेव्हा त्याच्या डोक्यात शिकारीचीच यंत्रणा चालू असते. अंगावर केस किंवा पिसं असलेली, उंदराच्या मापाची खेळणी त्याला जास्त भावतात ती त्यामुळेच. आणि चावल्यावर ज्यांचे तुकडे पडतात अशा वस्तूंवर ती जास्त वेळ रमतात, तेही त्यामुळेच. दुकानातला न फाटणारा, न तुटणारा, टिकाऊ उंदीर टाकून मांजर साध्या पुठ्ठ्याच्या चिंध्या करत बसतं, तेव्हा त्याला किमतीची कदर नसते असं नाही. पुठ्ठा निदान हार तरी मानतो.

भुकेचा संबंध मात्र जरा गुंतागुंतीचा आहे. पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही हा आपला समज चुकीचा आहे. रॉबर्ट ॲडमेक यांनी 1976 साली दाखवून दिलं, की समोर आवडीचं खाणं असताना आणि ते खाणं चालू असतानाही उंदीर दिसला तर मांजरं खाणं सोडून उंदीर मारायला जातात आणि मारून पुन्हा ताटाशी येतात. एक उंदीर म्हणजे साधारण 30 कॅलरी, त्यामुळे जंगलातल्या मांजराला दिवसभरात अनेक शिकारी कराव्या लागतात, आणि संधी आली तेव्हा 'आत्ता भूक नाही' म्हणणारं मांजर उपाशी मरेल. म्हणून निसर्गाने भूक आणि झडप यांच्या तारा एकमेकींना पुरत्या बांधलेल्या नाहीत. तरीही हॉल आणि ब्रॅडशॉ यांच्याच 1998 सालच्या अभ्यासात असं दिसलं, की भुकेली मांजरं जास्त खेळतात आणि मोठ्या आकाराच्या खेळण्यांनाही कमी बिचकतात. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर घरगुती नियम निघतो: खेळ जेवणाच्या आधी. नंतर खेळवलं तरी ते खेळेल, पण अर्ध्या मनाने.

आपल्याकडे हा प्रश्न तसा नवा आहे. वाड्यात, चाळीत किंवा कोकणातल्या घरात मांजर पाळलं म्हणजे दारातून येणारं-जाणारं एक मांजर आपल्याकडे दूध प्यायला येत असे. कोठीतले उंदीर, कौलांवरच्या पाली, परसातले सरडे हा त्याचा रोजचा उद्योग. आता चौदाव्या मजल्यावरच्या वन-बीएचकेमध्ये, बाल्कनीला जाळी लावून आपण त्याला ठेवतो. ते बरोबरच आहे. जाळी नसलेल्या खिडकीतून पडून मरणाऱ्या किंवा पाय मोडून घेणाऱ्या मांजरांच्या कहाण्या कुठल्याही पशुवैद्याकडे ऐकायला मिळतील. पण जाळीबरोबर त्याचा उद्योगही काढून घेतला, याचा हिशेब सहसा होत नाही. उरते ती ट्यूबलाइटमागची एखादी पाल, आणि ती तीन तास उंचावरून खाली बघत बसते.

आता खेळ. मांजराला उत्तम खेळणं म्हणजे काठी, दोरी आणि दोरीच्या टोकाला काहीतरी. काठी हातभर-दीड हात लांब, दोरी साधारण मीटरभर, टोकाला पिसांचा झुबका किंवा चामड्याची पट्टी. पिसाची काठी दुकानात मिळते. घरीही करता येते. पण काठी हातात आली की बहुतेक लोक एकच गोष्ट करतात: पिसं मांजराच्या तोंडासमोर नेऊन हलवतात. मांजर मान मागे घेतं, एक पंजा मारतं आणि उठून जातं. कुठलाही शहाणा उंदीर मांजराच्या तोंडावर चालून येत नाही. जो येतो तो एकतर आजारी असतो किंवा चावणारा. शिवाय मांजराला नाकासमोरचं नीट दिसतही नाही; साधारण वीतभरापेक्षा जवळ आलेल्या वस्तूवर त्याची नजर स्थिर होत नाही, तिथे ते मिशांवर काम भागवतं. त्याचे डोळे काही अंतरावरची, आडवी सरकणारी, मध्येच थांबणारी हालचाल टिपण्यासाठी बनलेले आहेत.

म्हणून काठी धरणाऱ्याने सावजाची भूमिका मनापासून करावी लागते. सावज नेहमी लांब जातं किंवा आडवं जातं. ते भिंतीच्या कडेने सरकतं, दिवाणाच्या पायामागे थांबतं, एक पिसू हलावी एवढंच हलतं, मग एकदम पायपुसण्याखाली घुसतं. मांजराला सगळ्यात जास्त पेटवतो तो दिसेनासा होण्याचा क्षण. पिसांचं टोक चादरीखाली सरकवून आतून हळूच हलवा, किंवा कागदी पिशवीमागे नेऊन नुसती खरखर करा. मांजराचे कान इतक्या बारीक आवाजांसाठी तयार झालेले आहेत की उंदरांची आपल्याला न ऐकू येणारी चीं-चींसुद्धा त्यांना ऐकू जाते. खरखर झाली की कान वळतील, बुबुळं मोठी होतील, अंग जमिनीला टेकेल आणि मागचा भाग डावी-उजवीकडे हलायला लागेल. त्यानंतर झडप येईल. किंवा येणार नाही.

ती आली नाही तरी चालेल, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मांजर दोन मिनिटं नुसतं टक लावून बसलं तर आपल्याला वाटतं ते खेळत नाही. खरं तर त्याच्या बाजूने खेळ ऐन रंगात आलेला असतो. जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांनी आयुष्यभर मांजरांच्या शिकारीचा अभ्यास केला. दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, खाणं या शिकारीच्या पायऱ्या एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्र असतात आणि प्रत्येकीची वेगळी भूक असते, असं त्यांनी मांडलं. दबा धरून बसणं हीच एक भूक आहे. ती भागू द्यावी. मांजर बघत असेल तर टोक जवळ नेऊन त्याला डिवचू नका. उलट आणखी मंद करा, थांबवा, पुन्हा किंचित हलवा. मात्र ते इकडेतिकडे बघायला लागलं, अंग चाटायला लागलं तर समजावं की सावज बदलायची वेळ झाली.

सावजाचे प्रकारही मांजरागणिक जमतात वा जमत नाहीत. काहींना जमिनीवरून सरपटणारं आवडतं, काहींना हवेतून फडफडत येऊन खुर्चीच्या पाठीवर बसणारं, तर काहींना जमिनीवर तुरुतुरु धावणारं झुरळासारखं काहीतरी. आपलं मांजर कोणत्या गोटातलं हे ओळखायला एकच कसोटी पुरते: घरात पाल, पाकोळी आणि झुरळ यांपैकी कशामागे ते जीव टाकून धावतं? खिडकीतल्या कबुतरांकडे बघून दात कटकटवणाऱ्या मांजराला उंदीर दाखवत बसण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी पिसं हवेत उडवा, पण उडून पुन्हा कुठेतरी बसू द्या. सतत भिरभिरणारं पाखरू त्याच्या अनुभवात नाही.

झडप यशस्वी होऊ द्यायची की नाही? होऊ द्यायची, पण प्रत्येक वेळी नाही. दर तीन-चार झडपांत एखादी पकड मिळाली पाहिजे. पकडल्यावर दोरी लगेच हिसकावू नका. त्याला पंजात धरू द्या, चावू द्या, मागच्या पायांनी लाथा मारू द्या. मोठ्या सावजाचं पोट फाडायची ती क्रिया आहे आणि तिच्यासाठी हातभर लांबीचं, कापूस भरलेलं जुनं मोज्यासारखं काही दिलं तर अनेक बोके त्याच्यावर सगळा राग काढतात. दोरी ढिली सोडली की ते आपोआप सोडतं. मग सावज पुन्हा पळतं, पण आता जरा लंगडत. शेवटच्या दोन मिनिटांत सावज हळूहळू थकलं पाहिजे. ऐन धावपळीत 'चला, झालं' म्हणून काठी उचलून ठेवणं म्हणजे मांजराला पेटवून वाऱ्यावर सोडणं, आणि त्यानंतर तुमच्या घोट्यावर होणाऱ्या हल्ल्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

शेवटी सावज मरतं, आणि मरताच वाटीत खाणं पडतं. हा भाग वगळणारे पुष्कळ असतात, कारण खेळ आणि जेवण आपल्या डोक्यात वेगळ्या खणांत आहेत. मांजराच्या डोक्यात नाहीत. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप असा त्याचा क्रम आहे, आणि तो पुरा झाला तर पुढचे काही तास घरात शांतता असते. खेळानंतर जेवून मांजर पंजे चाटत बसलं तर तुमचा खेळ जमला. जेवून पुन्हा घरभर धावायला लागलं तर एकतर खेळ अर्धवट राहिला किंवा फार थोडा झाला.

फार लांब खेळायची गरज नसते. मांजर हे दम धरून पळणारं जनावर नाही. दबा, तीन सेकंदांची धाव आणि विश्रांती हा त्याचा पिंड. पाच ते दहा मिनिटं दिवसातून दोन-तीनदा हे एक तास सलग खेळवण्यापेक्षा बरं. थोड्या वेळाच्या खेळाचाही परिणाम मोजला गेला आहे. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 साली, घराबाहेर जाऊन शिकार करणाऱ्या साडेतीनशेहून अधिक इंग्लिश मांजरांवर प्रयोग केला. रोज पाच-दहा मिनिटं शिकारीसारखा खेळ खेळवल्यावर या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाल्या. खेळवून मांजर अधिक हिंस्र होतं, ही अनेक आयांची भीती या एका आकड्याने निकालात निघते. खेळ शिकारीची ऊर्मी वाढवत नाही, ती काही अंशी वापरून टाकतो.

मांजर तोंड उघडून कुत्र्यासारखं धापू लागलं तर मात्र लगेच थांबायचं. लहान पिल्लू जोरात धावल्यावर क्षणभर असं करू शकतं. मोठं मांजर वारंवार करत असेल तर हृदय आणि फुप्फुसं तपासून घ्या. चपट्या नाकाच्या पर्शियनला तर एप्रिल-मेमध्ये दुपारी खेळवूच नये.

आता खेळण्यांची अदलाबदल. साउदॅम्प्टनच्या प्रयोगातून दोन वेगळे धडे निघतात आणि लोक सहसा एकच घेतात. एक धडा रोजच्या खेळातला: काठीवर मांजराचा उत्साह ओसरला की खेळ संपला असं न मानता टोक बदलायचं. पिसं काढून चामड्याची पट्टी लावायची, किंवा काळ्याच्या जागी पांढरं काहीतरी. अडकवायला छोटी कडी असलेली काठी घेतली तर हे काम काही सेकंदांचं आहे. आणि बदल ताबडतोब करायचा. कारण प्रयोगात ती उसळी दिसली ती अंतर थोडं होतं तेव्हा.

दुसरा धडा आठवड्याचा. मांजराची सगळी खेळणी कायम जमिनीवर पसरलेली असतील, तर ती खेळणी न राहता फर्निचर होतात. एका वेळी चार बाहेर, बाकीची बंद. बंद म्हणजे खरोखर बंद: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. टोपलीत ठेवलेलं खेळणं रोज नजरेस पडतं, त्याला घराचाच वास लागतो, आणि दहा दिवसांनी बाहेर काढलं तरी त्यात नवं काही राहत नाही. दोन-तीन दिवसांनी चारपैकी तीन आत, तीन नवी बाहेर. एखादं मऊ बाहुलं मांजर तोंडात धरून झोपत असेल तर ते या फेऱ्यातून वगळा. ते त्याचं सावज नाही.

डब्यात काय असावं, याला मात्र पैसे लागत नाहीत. कडक कागदाचा बोळा, टेबल टेनिसचा चेंडू, टाचेच्या भागात कापूस भरून गाठ मारलेला जुना मोजा, बाटलीचं मोठं बूच, टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी, पिसं. निवडताना एवढंच बघायचं, की चारही एकाच जातीची नकोत. एक घरंगळणारं, एक फडफडणारं, एक लाथाडण्याजोगं मोठं, आणि एक फाडता येणारं असं असलं की अदलाबदलीला अर्थ येतो. चार रंगांचे चार केसाळ उंदीर म्हणजे एकच खेळणं चार वेळा. जागा बदलणंही चालतं: कालचा पुठ्ठ्याचा खोका आज आडवा केला आणि त्यात चेंडू टाकला तर तो नवा खोका आहे. फाडलेल्या पुठ्ठ्याचा केर मात्र तुम्हालाच काढायचा आहे.

हे सगळं एका घरात कसं बसतं, ते पाहू. धरून चाला, ठाण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, नवरा-बायको दोघं नोकरीला, आणि तीन वर्षांचा, नसबंदी झालेला चार किलोचा बोका. तक्रारी दोन: संध्याकाळी चालणाऱ्याच्या घोट्यांवर हल्ले आणि पहाटे पाचची आरडाओरड. त्याला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. पाकिटावर 100 ग्रॅमला 370 कॅलरी लिहिलेलं कोरडं खाणं असेल, तर दिवसाचा वाटा 54 ग्रॅम. सध्या सकाळी वाटी भरून ठेवली जाते आणि बोका दिवसभर येताजाता तोंड टाकतो. म्हणजे मिळकत आहे, काम नाही.

पहिला बदल हा, की 54 ग्रॅम काट्यावर मोजून चार भागांत वाटायचे. सकाळी साडेसहाला सहा-सात मिनिटं काठी, मग 12 ग्रॅम. हे म्हणजे साधारण दीड उंदीर झाले. नऊला दोघं बाहेर पडताना 15 ग्रॅम घरात दडवायचे: थोडे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या खळग्यांत, वर कागदाचे बोळे, थोडे पुठ्ठ्याच्या नळीत, जिला दोन भोकं पाडून दोन्ही टोकं दुमडली आहेत. पहिल्या आठवड्यात नळी उघडीच ठेवावी, नाहीतर अनेक मांजरं दोन पंजे मारून नाद सोडतात. संध्याकाळी आल्या-आल्या, हल्ले सुरू व्हायच्या आधी खेळ. मग 12 ग्रॅम. हल्ला झाल्यावर काठी काढली तर बोक्याला अर्थ कळतो तो असा, की घोटा चावला की खेळ मिळतो. हाताने खेळवणं दोघांनीही बंद करायचं. पिल्लू असताना बोटं चावायला दिलेली असतील, तर तीन वर्षांच्या बोक्याचे दात त्याच बोटांची वाट बघत असतात.

चौथा वाटा सगळ्यात महत्त्वाचा. रात्री पावणेअकराला, दिवे मालवायच्या आधी, दिवसातला सगळ्यात रंगलेला खेळ आणि त्यानंतर उरलेले 15 ग्रॅम. मांजराची सगळ्यात जास्त हालचाल पहाटे आणि तिन्हीसांजेला असते, तेव्हा पाचला त्याचे डोळे उघडणारच. पण पाचला ओरडल्यावर कुणीतरी उठून वाटी भरतं, हे त्याला गेली तीन वर्षं शिकवलेलं आहे. ते थांबवायचं म्हणजे थांबवायचं. पहिले काही दिवस आरडाओरड वाढेल. आधी जी युक्ती चालत होती ती आणखी जोरात करून पाहणं हे साहजिक आहे. सहाव्या दिवशी वैतागून उठून खाणं दिलंत, तर तो एवढंच शिकेल की सहा दिवस ओरडावं लागतं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

खेळ बसला की नाही हे घड्याळावरून नव्हे, बोक्यावरून कळतं. काठीचं कपाट उघडल्याचा आवाज ऐकून तो येतो का, खेळानंतर जेवून झोपतो का, घोट्यांवरचे हल्ले दहाचे दोनावर आले का. दर महिन्याला वजन करावं. जाडजूड मांजर उडी मारायला कुरकुरतं. त्याला आधी जमिनीवरचाच खेळ द्यावा आणि मोजलेलं खाणं. घरात दोन मांजरं असतील तर दोघांना वेगळ्या खोलीत खेळवा. एकत्र खेळवलं तर धीट झडप घालतो आणि भित्रा दारातून बघत बसतो, आणि आपल्याला वाटतं त्याला खेळायचं नाही.

लेझरबद्दल माझं मत चांगलं नाही. तो लाल ठिपका मांजराला नक्कीच पळवतो, पण त्याला पकडता येत नाही, चावता येत नाही, तो मरत नाही. 2021 साली मांजरांच्या मालकांच्या पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासात, लेझर जितका जास्त वापरला जातो तितकी सावल्यांचा, प्रकाशाच्या तिरिपेचा माग काढत बसण्यासारखी वर्तनं जास्त नोंदली गेली. यावरून लेझरनेच ती लागतात असं सिद्ध होत नाही. तरी वापरायचाच असेल तर डोळ्यांवर कधीही मारू नका, आणि शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा खाण्यावर नेऊन थांबवा.

सगळंच कंटाळ्यावर ढकलू नये, हेही सांगायला हवं. नेहमी खेळणारं मांजर अचानक खेळायचं थांबलं, म्हातारं मांजर पलंगावर चढताना दोनदा विचार करायला लागलं, पोटावरचे केस चाटूनचाटून विरळ झाले, तर आधी पशुवैद्य, मग काठी. बोका पुन्हा पुन्हा लिटरच्या ट्रेमध्ये बसून कुंथतो आहे आणि लघवीचे थेंबच येताहेत किंवा काहीच येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तिथे सकाळची वाट बघण्याइतकाही वेळ नसतो.

आणि शेवटचं, दोऱ्याचं. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले काटे असतात. त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आत-आतच जातो. शिवणाचा दोरा, लोकर, मिठाईच्या खोक्याची जरीची दोरी, केसांचे रबर आणि संक्रांतीनंतर बाल्कनीत अडकलेला मांजा, हे सगळं गिळलं जातं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं आणि दुसरं पुढे सरकत राहिलं, तर नाडीवर गोळा होणाऱ्या लेंग्यासारखं आतडं त्या दोऱ्यावर चुणत जातं आणि दोरा आतड्याला कापतो. उलट्या, खाणं बंद, एका कोपऱ्यात दडून बसणं ही खूण दिसली आणि घरातून दोरी गायब असली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शस्त्रक्रिया लागू शकते. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढू नका, कारण तुम्ही ओढता तेव्हा तो आतलं आतडं चिरत येतो. काठी-दोरीचा खेळ तुमच्या हातात असेपर्यंतच सुरक्षित आहे. खेळ झाला की काठी दार लागणाऱ्या कपाटात ठेवा, आणि मांजर एकटं असताना घरात बोटभर लांबीपेक्षा जास्त दोरा बाहेर राहू देऊ नका.